यादी पे शादी

साठी उलटलेल्या विधुर वडिलांनी रविवारी सकाळी दोन्ही मुलांना एकाच व्हिडिओ कॉलवर बोलावले, तर मराठी घरात त्याचे दोनच अर्थ निघतात : बाबांचा काहीतरी रिपोर्ट आलाय, नाहीतर बाबांना कोणीतरी फोनवरून फसवलंय. तिसरी शक्यता मुलांच्या मनाला शिवत नाही. मुलगी कोथरूडहून कॉलवर येते ती बीपीच्या गोळ्यांची नावे समोर ठेवून, आणि मुलगा न्यू जर्सीहून येतो तो बँकेच्या तक्रार विभागाचा नंबर शोधून. वडील आधी हवेबद्दल बोलतात. ऐन जुलैमध्ये "तिकडे बर्फ पडतोय का रे?" असे विचारतात. मग गॅलरीतल्या कुंड्यांवर येतात, तिथून मोलकरणीच्या रजेवर, आणि पस्तीस मिनिटांनी, मुलाच्या मीटिंगची वेळ झाल्यावर, घाईघाईने म्हणतात, "एक बाई आहेत." त्यावर न्यू जर्सीचा चेहरा पडद्यावर तोंड उघडे ठेवून थिजतो. नेट गेले की मुलगा गेला हे कळायला मार्ग नसतो. कोथरूडहून प्रश्न येतो, "बाई म्हणजे? स्वयंपाकाला?" वडील म्हणतात, "नाही, म्हणजे तसं नाही, म्हणजे त्या चांगल्या आहेत." आणि तीस वर्षे कारखान्यात माणसे सांभाळलेला गृहस्थ "नंतर बोलू" म्हणत लाल बटण शोधू लागतो.

माझे म्हणणे असे की या प्रकारात वडिलांची चूक प्रेमात पडण्याची नसते, क्रमाची असते. ते आधी बाईचे नाव सांगतात, मग स्वभाव, मग 'आम्ही दोघंही विचार करतोय', आणि फ्लॅटचा विषय कधीच काढत नाहीत. मुलेही फ्लॅटचा विषय काढत नाहीत, कारण ती सुसंस्कृत असतात. त्यामुळे घरातल्या ज्या एका गोष्टीबद्दल सगळे विचार करत असतात तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही, आणि उरलेल्या सगळ्या गोष्टींवर कडाक्याचे भांडण होते. क्रम उलटा करावा. आधी मृत्युपत्राचा मसुदा टेबलावर ठेवावा, मग हिशेब, आणि बाईंचे नाव सर्वांत शेवटी. उतारवयातल्या प्रेमपत्रांत मृत्युपत्रासारखे परिणामकारक पत्र नाही.

मुले काय बोलतात ते आधी ऐकून घेऊ. पहिला आक्षेप 'लोक काय म्हणतील' हा. हा आक्षेप ज्या मुलाने घेतला त्याने स्वतः प्रेमविवाह केलेला असतो, तेव्हा लोक काय म्हणाले हे त्याच्या आईने तीन महिने ऐकून घेतलेले असते. दुसरा आक्षेप 'तुमच्या तब्येतीला झेपेल का'. याच तब्येतीवर विसंबून नातवाला शाळेच्या बसवर सोडणे, गॅसवाल्यासाठी थांबणे आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत भांडणे ही कामे बाबांकडे दिलेली असतात. तिसरा आक्षेप 'आम्ही आहोत ना' हा, आणि तो साधारणपणे साडेबारा हजार किलोमीटर अंतरावरून येतो. मग पर्याय सुचवले जातात. बाबांना हास्यक्लबात घाला. बाबांना नर्मदा परिक्रमेला पाठवा. मोठा टीव्ही घेऊन द्या, कुत्रा आणा, पेटी शिकवायला मास्तर लावा. माणसाला माणूस हवे आहे असे म्हटले की त्याला टीव्ही, कुत्रा आणि पेटी एवढे सगळे देण्याची तयारी होते, माणूस सोडून.

यात बाईमाणसाची गोष्ट आणखी निराळी. विधुराबद्दल नातेवाईक निदान तेराव्यालाच काळजीने विचारतात, "आता यांच्या जेवणाचं कसं?" विधवेला असा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण जेवण तिचे तिलाच येते, आणि जेवणापलीकडे सोबतीचे काही कारण असू शकते हे आपल्या विचारात बसत नाही. तिला सांगितले जाते, "नातवंडं आहेत की." 2011च्या जनगणनेत देशात विधवा सव्वाचार कोटींच्या वर आणि विधुर सव्वा कोटीच्या घरात. बायका जास्त जगतात आणि पुरुष पुन्हा लग्न करतात, असा त्या आकड्यांचा साधा खुलासा आहे. पुनर्विवाहाचा कायदा 1856 साली झाला. धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी 1893 साली लग्न केले. पण ती सगळी चळवळ कोवळ्या वयातल्या विधवांसाठी होती. साठीच्या विधवेची मुले आईच्या लग्नाला विरोध करतील, हा प्रश्न त्या काळच्या सुधारकांपुढे फारसा आलाच नाही. त्या काळी निदान विरोध करायला सनातनी होते. आता ते काम घरातल्या घरात होते.

आता हिशेब. प्रस्तुत लेखकाचे अपूर्णांक शाळेपासून कच्चे आहेत, तरी सावकाश गेले तर जमेल. समजा, अण्णा नावाचे एक गृहस्थ आहेत, वय 68, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त. पत्नीला जाऊन चार वर्षे झाली. मुलगा आणि मुलगी वर आल्याप्रमाणे. फ्लॅट दोघा नवरा-बायकोंनी निम्मे-निम्मे पैसे घालून, दोघांच्या नावावर घेतलेला, आजची किंमत एक कोटी ऐंशी लाख. पत्नीने मृत्युपत्र केले नव्हते, कारण मराठी घरात मृत्युपत्राचा विषय काढणाऱ्याला 'अशुभ बोलू नये' असे सांगतात आणि पुढे वीस वर्षे कोर्टात शुभ बोलत बसतात. अण्णांची समजूत अशी की ती गेल्यावर फ्लॅट सगळा आपला. मुलांचीही तीच समजूत. ती चुकीची आहे. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्राविना गेलेल्या बाईची मिळकत तिचा नवरा, मुलगे आणि मुली यांच्यात समान वाटली जाते. म्हणजे पत्नीच्या अर्ध्याचे तीन भाग झाले, आणि दोन्ही मुलांकडे फ्लॅटचा प्रत्येकी एक षष्ठांश, म्हणजे तीस-तीस लाख, आईच्या मागेच आलेले आहेत. अण्णांकडे आहेत एक कोटी वीस लाख. अण्णांनी आपल्या लग्नाची बातमी सांगण्याआधी ही सांगितली तर कॉलवर प्रथमच कोणीतरी कान देऊन ऐकेल.

पुढे चला. अण्णांनी त्या बाईंशी, समजा मालतीबाईंशी, लग्न केले, मृत्युपत्र केले नाही, आणि काही वर्षांनी तेही गेले. वारस तीन : दुसरी पत्नी, मुलगा, मुलगी, प्रत्येकी एक हिस्सा. अण्णांच्या एक कोटी वीसमधून मालतीबाईंना चाळीस लाख. मुलांना चाळीस अधिक आईचे तीस, म्हणजे सत्तर-सत्तर. लग्न झालेच नसते तर नव्वद-नव्वद मिळाले असते. म्हणजे बाप एकटा राहिला तर प्रत्येक मुलाला वीस लाखांचा फायदा आहे. तब्येत, लोक, आईची आठवण, आजोबांच्या नावाला लागणारा बट्टा या सर्वांची मिळून जास्तीत जास्त किंमत वीस लाख निघाली. शिवाय 'ती बाई सगळं घेऊन जाईल' असे जे दूरच्या मावशीने फोनवर सांगितलेले असते, ते 'सगळं' म्हणजे अठरातले चार भाग. कागदावर छेद आला की मावशीचा आवाज आपोआप खाली येतो.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. "आम्ही काय पैशाचे लोभी आहोत का? बाबांनी पहिल्यांदा फ्लॅटच काढावा, हा आमचा अपमान आहे." मुले लोभी असतात असे मला म्हणायचे नाही. मला म्हणायचे आहे की मनातली धास्ती आकड्यांत मांडली नाही तर ती तत्त्वाचा वेष घेऊन फिरते. ज्या मुलीने बापाच्या आजारपणात रात्री जागून काढल्या तिला वीस लाखांचा विचार एकदा चाटून जातो, तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटते. मग ती लाज लपवायला ती आईच्या फोटोआड उभी राहते. आकडा समोर आला, मिटला, की दोन गोष्टी होतात. ज्याला खरोखर फक्त आकड्याचीच चिंता होती तो "बाबा, तुमचा आनंद महत्त्वाचा" म्हणून मोकळा होतो. आणि जिला खरोखर आईचे दुःख होते तिला ते दुःख म्हणून बोलता येते. ती विचारते, "आईच्या कपाटाचं काय करणार?" हा प्रश्न चार वर्षे राहिलेला असतो. त्यावर कुठल्याही वकिलाकडे उत्तर नाही, पण निदान तो योग्य माणसाला विचारला जातो.

दुसरा आक्षेप जरा रसिक मंडळींचा : "प्रेमात कसले कागद?" त्यांनी आपल्या पहिल्या लग्नाची आठवण करावी. तिथे याद्या झाल्या होत्या. वराकडचे किती, वधूकडचे किती, मानपान, आहेर, कोणाच्या आत्याला कोणती साडी, हे दोन्ही बाजूंच्या थोरांनी बसून लिहून काढले आणि त्यावर सह्या केल्या. काही घरांत तर तेवढ्यावरच लग्न उरकून घेत, 'यादी पे शादी'. जिथे वयाच्या पंचविशीत, खिशात काहीही नसताना, एवढी लिखापढी चालली तिथे अडुसष्टाव्या वर्षी दोन फ्लॅट, दोन पेन्शनी आणि तीन लेकरे असताना नुसत्या डोळ्यांच्या भाषेवर भागवणे हा शुद्ध आळस आहे. फरक एवढाच की त्या वेळी यादी थोरांनी केली, आता ती मुलांसमोर करायची.

तिसरा आक्षेप सर्वांत चतुर : "मग लग्नच कशाला? नुसतेच एकत्र राहा." पुण्यात माधव दामले यांनी 2012मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी लिव्ह-इन रिलेशनशिप मंडळच काढले, तेव्हा ही कल्पना काही हवेतली नाही. मालतीबाईंच्या बाजूने तर तिला भक्कम कारण आहे. समजा, त्यांचे पहिले यजमान टपाल खात्यात होते आणि त्यांना 22,000 रुपये कौटुंबिक पेन्शन मिळते. केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे पुनर्विवाहाच्या दिवशी ते बंद होते. अपत्य नसलेल्या विधवेला उत्पन्नाच्या अटीवर सवलत आहे, पण मालतीबाईंना नाशिकला एक मुलगा आहे, म्हणून ती लागू नाही. उलट अण्णांचे स्वतःचे पेन्शन आहे, आणि निवृत्तीनंतर केलेल्या लग्नातली पत्नीही कौटुंबिक पेन्शनला पात्र ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली सांगून ठेवले आहे. म्हणजे सरकारी हिशेबाने पाहिले तर बाईंनी पहिल्या यजमानांच्या पश्चात चालू असलेले पेन्शन सोडायचे आणि दुसऱ्यांच्या पश्चात सुरू होणाऱ्या पेन्शनवर भरवसा ठेवायचा. मध्ये जेवढी वर्षे संसार सुखाचा होईल तेवढे नुकसान.

पण एकत्र राहण्यात जे मिळत नाही तेही मुलांनी आणि आई-वडिलांनी पाहावे. मृत्युपत्र नसेल तर सोबतीण वारस नसते. अण्णा गेल्यावर तेराव्याच्या आत तिची बॅग दारात येऊ शकते. घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात लग्नासारख्या नात्याला संरक्षण आहे खरे, पण सर्वोच्च न्यायालयाने 2010मध्ये त्याला अटी घातल्या : दोघे अविवाहित, विधुर, विधवा असे लग्नाला मोकळे असावेत, बराच काळ एकत्र राहिलेले असावेत, आणि समाजासमोर पती-पत्नीसारखे वावरलेले असावेत. नुसते शनिवार-रविवार एकत्र घालवणे चालणार नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले आहे. आपल्याकडची पंचाईत अशी की उतारवयातली बहुतेक जोडपी नेमकी शनिवार-रविवारचीच असतात, आणि समाजासमोर त्यांची ओळख "या आमच्या गायनाच्या क्लासमधल्या" एवढीच करून दिली जाते. न्यायालयासमोर सिद्ध करायला साक्षीदार म्हणून गायनाचा क्लास उभा करावा लागेल. तेव्हा लग्न करा की करू नका, मृत्युपत्र दोन्हीकडे लागतेच. माझे म्हणणे तिथेच परत येते.

मृत्युपत्र करणे हे पासपोर्ट काढण्याहून सोपे आहे, आणि म्हणूनच कोणी करत नाही. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. साक्षीदार ज्यांना काही मिळणार आहे त्यांच्यापैकी नसावेत आणि वयाने आपल्यापेक्षा लहान असावेत. अण्णांचे मित्र साक्षीला घेतले तर गरज पडेल तेव्हा तेही वर गेलेले असतात. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी. अण्णांनी पूर्वीच 'सर्व मुलांना' असे मृत्युपत्र करून ठेवले असेल, तर लग्नाने ते आपोआप रद्द होत नाही. ख्रिस्ती आणि पारशी माणसाचे होते, हिंदूचे होत नाही. मुले निर्धास्त झाली, तर काळजीत पडायची पाळी मालतीबाईंची. गोव्यातल्या अण्णांना मात्र निराळाच कायदा. तिथे मुलांचा ठरावीक हिस्सा बापाला कागदावरही हलवता येत नाही, त्यामुळे निदान तेवढ्या भागावर रुसवे होत नाहीत. पुण्याच्या अण्णांनी साधारण असे लिहावे : फ्लॅटमधला माझा हिस्सा दोन्ही मुलांचा, मालतीबाईंना त्या हयात असेतो तिथे राहण्याचा हक्क, घर विकायचे तर त्यांच्या संमतीने, आणि त्यांच्या नावे अमुक रकमेची मुदत ठेव. हा 'तहहयात' शब्द मात्र ओळखीच्या टायपिस्टाकडून लिहून घेऊ नये. पत्नीला पोटगीच्या बदल्यात दिलेला मर्यादित हक्क पूर्ण मालकी होऊन बसतो, असे 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. मृत्युपत्राने नव्याने दिलेला मर्यादित हक्क मर्यादितच राहतो, असेही निकाल आहेत. या दोन वाक्यांमधल्या फटीत बऱ्याच वकिलांची घरे उभी आहेत. आणि बँकेत नॉमिनी बदलला म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांसाठी : नॉमिनी हा पैसे हातात घेणारा माणूस, मालक नव्हे. कुटुंबात भांडण लावायचे असेल तर मृत्युपत्रात एक नाव आणि नॉमिनेशनमध्ये दुसरे नाव ठेवणे हा उत्तम उपाय आहे.

याच टप्प्यावर एखादा समंजस मुलगा सुचवतो, "बाबा, तुम्ही खुशाल लग्न करा. फक्त त्याआधी फ्लॅट आमच्या नावावर करून टाका." महाराष्ट्रात राहते घर मुलांना बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये आहे, अधिभार वेगळे, म्हणजे सल्ला स्वस्तही आहे. अण्णांनी तो गोड शब्दांत नाकारावा. मृत्युपत्र दर दिवाळीला बदलता येते, बक्षीसपत्र नाही. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेले घर मुलांनी अट मोडल्यास 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने परत मागता येते, पण ती अट दस्तात असलेली बरी, आणि 'माझ्या बायकोला ये म्हणा' हे कलम त्यात घालायला मुलगा तयार होत नाही. त्याच कायद्यात आणखी एक गंमत आहे, ती कॉलच्या अगदी शेवटी सांगावी. त्यातल्या 'पालक' या व्याख्येत सावत्र आई-वडीलही येतात. म्हणजे आईचा हात धरून आलेला नवा गृहस्थ उद्या तिच्या मुलाकडे निर्वाह मागू शकतो. हे ऐकून नाशिकचा मुलगा जो अस्वस्थ होतो त्याला तोड नाही.

कारण नाशिकलाही असाच कॉल चालू असतो, हे पुण्याची मुले विसरतात. मालतीबाईंचा तिथे एक फ्लॅट आहे, पहिल्या यजमानांनी पूर्ण त्यांच्या नावे ठेवलेला. तो त्यांचाच, पूर्ण मालकीचा. पुन्हा लग्न केल्याने तो परत जात नाही. पण त्या मृत्युपत्राविना गेल्या, तर त्यांच्या मुलाबरोबर त्यांचा नवराही वारस, म्हणजे अण्णांना निम्मे. नाशिकच्या मुलाला हे पक्के ठाऊक असते. त्याच्या मते खडकीचा हा म्हातारा आईच्या फ्लॅटवर डोळा ठेवून आहे. चांगलं पेन्शन असलेला माणूस उगाच कशाला या वयात लग्न करेल? पुण्याच्या मुलीच्या मते नाशिकची ही बाई बाबांच्या फ्लॅटवर डोळा ठेवून आहे. स्वतःचा फ्लॅट असलेली बाई उगाच कशाला या वयात लग्न करेल? दोन्ही घरांत आपापले मायबाप भोळे आणि समोरचे धूर्त. दोन्ही मृत्युपत्रे एकाच दिवशी, एकाच टेबलावर, तिन्ही मुलांसमोर वाचावीत असे मी सुचवतो ते यासाठी. आपण ज्याला लुटारू समजत होतो तो आपल्यालाच लुटारू समजत होता हे कळले, की दोन्ही पक्षांचे मन बरेच स्वच्छ होते, आणि अपमान झाल्याच्या समान भावनेतून सावत्र भावंडांमध्ये पहिली मैत्री जमते.

वाटणीचे पान उलटले की दुसरे पान छोटे असते, पण वेळ त्यालाच जास्त लागतो. आईचे दागिने मुलीकडे आताच द्यायचे. लग्नात नव्या बाईंच्या गळ्यात ते दिसले, तर मृत्युपत्राच्या तीन प्रती करूनही उपयोग नाही. ऑपरेशनच्या संमतीवर सही कोण करणार आणि न्यू जर्सीला फोन कोण लावणार, हे लिहून ठेवायचे. दिवाळीचे चार दिवस कोणाचे, यावर दोन बैठका जातात. गेलेल्या दोघांचे फोटो कोणत्या भिंतीवर, शेजारी-शेजारी की समोरासमोर, यावर मुलांची मते फार ठाम असतात. अण्णा आणि मालतीबाईंना त्यात अडचण नसते, त्यांनी पहिल्या चार भेटींत बोलण्याचा विषय तोच ठेवलेला असतो. दाराच्या पाटीचा मुद्दा सोसायटीचे सेक्रेटरी स्वतःहून काढतात. सगळे मिटल्यावर न्यू जर्सीहून शेवटचा प्रश्न येतो, "बाबा, तरी पण एक विचारतो. त्या स्वयंपाक कसा करतात?" अण्णा खरे ते सांगतात, "माहीत नाही. मी विचारायच्या आधी त्यांनीच मला विचारलं, 'तुम्हाला भाकरी थापता येते का?'" पडद्यावर पुन्हा एक चेहरा थिजतो. मुलगी मात्र पुढे झुकून विचारते, "मग? काय सांगितलंत?"

"क्लास लावलाय," अण्णा म्हणतात, "मंगळवार आणि गुरुवार."